नफा १८ लाख, तरी ऑपरेटिंग कॅश मायनस?

"मशीद बंदरच्या ट्रेडरच्या ताळेबंदाचे फोटो व्हॉट्सॲपवर आलेत. नफा १८ लाख, करंट रेशो २, पण ऑपरेटिंग कॅश फ्लो मायनस ४ लाख येतोय. आकडे चुकीचे वाचलेत का?"

नाही हो, आकडे बरोबर वाटतायत, उधारी बघा ना. करपूर्व नफा १८, त्यात घसारा ४ आणि व्याज ३ परत मिळवलं की २५ होतात, मग येणी ३० वरून ५२ झालीत म्हणजे २२ तिथेच अडकले, स्टॉक वाढला त्यात ६ गेले, देणी वाढली म्हणून ४ सुटले, उरला १ लाख, त्यातून प्रत्यक्ष भरलेला टॅक्स ५ (तरतूद नाही, भरलेला घ्यायचा) गेला की मायनस ४.

व्याजाचे ३ आणि बँकेचं वाढलेलं कॅश क्रेडिट म्हणजे सीसी ८ हे फायनान्सिंगमध्ये टाका, सीसी देण्यांत मिसळलं की ऑपरेटिंग उगाच प्लस ४ दिसतं आणि गंमत म्हणजे शेवटची कॅश तरीही जुळते, त्यामुळे टॅली झालं म्हणजे वर्गीकरण बरोबर असं समजू नका.

आता करंट रेशो २ कशामुळे आला, तर वसूल न झालेल्या येण्यांमुळेच. विक्री २२० वरून २४० झाली पण वसुलीचे दिवस ५० वरून ७९ वर गेले (५२ भागिले २४० गुणिले ३६५). धंदा थोडाच वाढला, उधारी त्याहून खूप जास्त वाढली. पार्टीवार येण्यांची यादी मागवा, सहा महिन्यांवरचं किती आहे ते कळेल.

फोटोत मात्र कडेचे कंस कापले गेलेत का आणि वरची "रु. लाखांत" ओळ दिसतेय का तेवढं बघा, कंस गेला की वजा आकडा अधिक होऊन बसतो.