मदत हवी आहे: वडिलांचं घर मी ठेवतोय, भाऊ-बहिणीला पैसे आणि सोनं द्यायचंय, हिशोब आणि कागद कसा करू?

कपाशीवाला:
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं गाव आहे आमचं, वर्धा जिल्हा. बाबा गेल्या वर्षी वारले, मृत्यूपत्र काही केलं नव्हतं. घर गावठाणात आहे, बाबांनीच स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला अजून त्यांचंच नाव आहे. वारस म्हणजे आई, मी, लहान भाऊ (नागपूरला नोकरीत) आणि बहीण (हिंगणघाटला दिली). शेताचं वेगळं चाललंय, ते इथं आणत नाही.

घर मी ठेवायचं हे सगळ्यांना मान्य आहे कारण राहतो मीच आणि आईही माझ्याजवळच. भाऊ म्हणतो घर ३० लाखाचं, मी म्हणतो २० च्या वर कोणी देणार नाही, शेवटी मामांनी बसून २४ ठरवले. म्हणजे तिघांत ८-८ लाख, मला १६ द्यायचे. एवढे नगदी नाहीत माझ्याजवळ. ४ लाख आहेत, बाकी कापूस विकल्यावर दोन हंगामात. बहिणीला सोनं चालते म्हणते, घरी आईची पोत, एकदाणी आणि पाटल्या मिळून सहा तोळ्याच्या वर आहे, तर ६ लाखाचं सोनं आणि २ नगदी असं बसते माझ्या हिशोबानं. २०१९ मधे वरचा स्लॅब मी टाकला, साडेचार लाख लागले, ते वजा करायचे का? आणि कागद कोणता करू, हक्कसोड की वाटणीपत्र?

पक्या_तळेगाव:
भाऊ एवढा विचार काऊन करून रायला. वकिलाच्या मागं लागू नको, तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चा अर्ज टाक, सगळ्यांची संमती जोड, फुकटात वाटणी होते. आमचं साडेचार एकर असंच झालं, तलाठ्यानं फेरफार घेतला आणि सातबारा वेगळा झाला. स्टॅम्प नाही न काही नाही.

सुरेश_नोटरीवाले_नाही:
आमच्याकडे सगळे हक्कसोडच करतात. सख्ख्या भाऊ-बहिणीत स्टॅम्प एकदम किरकोळ लागतो. नोटरी करून घ्या, पैसे नंतर सवडीनं द्या, घरातलीच माणसं आहेत.

जुना_अर्जनवीस:
कपाशीवाला भाऊ, मी तीस-एक वर्षं दस्त लिहिले, आता बंद केलं. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकीत अडकल्या आहेत, एकेक सोडवू.

आधी पक्याभाऊचं. कलम ८५ ची वाटणी शेतसाऱ्याच्या जमिनीची असते, त्यांचं शेत होतं म्हणून झालं. गावठाणातलं घर त्यात येत नाही, तहसीलदार अर्ज परत करेल.

आता हिस्से. तुम्ही तिघांत वाटलं, पण बाबांची स्वतःची मिळकत आणि मृत्यूपत्र नाही म्हणजे आई, दोन मुलं, एक मुलगी असे चार सारखे हिस्से होतात. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा कमी होत नाही आणि आई तुमच्याजवळ राहते म्हणून तिचा हिस्सा आपोआप तुमचा होत नाही. २४ चे चार केले तर ६-६ लाख. म्हणजे भावा-बहिणीला मिळून १२ द्यायचे, १६ नाही. आईचा चौथा भाग घरातच राहतो, तिच्या नावानं.

स्लॅबचं म्हणाल तर खर्च किती झाला ते वजा करत नाहीत, त्यानं घराची किंमत आज किती वाढली ते बघतात. स्लॅबसकट २४ आणि स्लॅब नसता तर किती, हे त्याच मामांना विचारा. साडेचार खर्चून किंमत दोनानंच वाढली असेल तर दोनच. आणि भाऊ म्हणेल की तू इतकी वर्षं बिनभाड्याचा राहिलास, त्याला उत्तर तयार ठेवा.

हक्कसोडवर रात्री लिहितो, ते मोठं आहे.

नंदाताई_पुलगाव:
मी बहिणीच्या बाजूनं बोलते कारण माझंच झालं आहे. भावानं हक्कसोडवर सही घेतली, दस्तात लिहिलं की प्रेमापोटी बिनमोबदला सोडते. तोंडी तीन लाख ठरले होते, एक लाख आला, मग कपाशीवर बोंडअळी आली, मग पोराची ॲडमिशन आली. आता मागायला जावं तर तो कागद दाखवतो की तूच लिहून दिलं काही घेणार नाही म्हणून. वाईट वागत नाही तो, दिवाळीला साडी घेतो. पण पैसे गेले ते गेले.

आणि एक विचारू का दादा, सोनं आईचं आहे म्हणता, मग तुम्ही ते तुमच्याकडून कसं देऊन राहिले?

कपाशीवाला:
ताई पाटल्या आईच्या लग्नातल्या, तिच्या माहेरच्या. पोत बाबांनी केली होती तिला. घरातच आहे ना सगळं, आईचं म्हणणं आहे की घालून काय करू आता, देऊन टाक पोरीला.

जुना_अर्जनवीस:
नंदाताईंनी नेमकं बोट ठेवलं. माहेरचं आणि नवऱ्यानं अंगावर घातलेलं ते आईचं स्त्रीधन, बाबांच्या इस्टेटीत ते येतच नाही. आई मुलीला देते तर ती आईची भेट झाली, तुमच्या ६ लाखातून एक रुपया कमी होत नाही. तुम्ही ते घराच्या बदल्यात मोजलं तर आईच्या पैशानं बहिणीचं देणं फेडल्यासारखं होते, आणि आईच्या मागं ज्या सोन्यात तिन्ही लेकरांचा वाटा राहिला असता ते आजच संपते. आईनं आधी तुम्हाला दिलं आणि मग तुम्ही बहिणीला, असंही करता येते, तिचं सोनं आहे, पण ते भावाच्या समोर बसून, त्याला माहीत असताना.

तरी सोनंच द्यायचं ठरलं तर तोळ्यावर जाऊ नका. वर्धेला किंवा आर्वीला तपासणीचं मशीन असलेल्या सोनाराकडं दोघंही सोबत जा. समजा काट्यावर सगळं ६२ ग्रॅम भरलं. पोतीतले काळे मणी, पाटल्यातली लाख काढली की ५४ राहिलं. जुनं काम बहुतेक २२ कॅरेटचं नसते, समजा ८३ टक्के शुद्ध निघालं, तर शुद्ध सोनं झालं ४५ ग्रॅमच्या आसपास. भाव समजा तोळ्याला एक लाख धरला तर साडेचार लाख. तुमच्या तोंडी हिशोबात तेच ६२ ग्रॅम सहा लाखाच्या वर गेलं होतं. एवढ्याच फरकात बहीण-भावाचं बोलणं बंद होते. घडणावळ मोजायची नाही, तिला ते विकायचं झालं तर सोनार घडणावळ देत नाही.

भाव कोणत्या दिवसाचा, तेही आधीच लिहा. नाहीतर दिवाळीला ठरलेलं सोनं अक्षय्यतृतीयेला दिलं की दोघांपैकी एकाला वाटते आपण फसलो. मी तर म्हणेन रुपये ठरवा आणि सोनं ज्या दिवशी हातात जाईल त्या दिवशीच्या भावानं त्यातून वजा करा.

सुरेश_नोटरीवाले_नाही:
मग हक्कसोड नकोच का? स्टॅम्प तर कमीच लागतो, मी खोटं नाही बोललो.

जुना_अर्जनवीस:
खोटं नाही सुरेशभाऊ, अर्धं आहे. किरकोळ स्टॅम्प फक्त बिनमोबदला हक्कसोडीला, जवळच्या नात्यात. पैसे घेतले असं लिहिलं की तोच दस्त खरेदीखतासारखा धरतात आणि बाजारभावावर मुद्रांक लागते. म्हणून लोक खरं लिहीत नाहीत आणि नंदाताईंसारखं होते. शिवाय नुसती नोटरी करून घराचा हक्क जात नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदणी करावीच लागते.

तुमच्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्र बरं. त्यात घर कोणाकडं, फरकाची रक्कम किती, कोणाला, कोणत्या तारखेला, सगळं उघड लिहिता येते. घरासारख्या मिळकतीला वेगळ्या निघालेल्या हिश्शांच्या किंमतीवर दोन टक्के मुद्रांक, म्हणजे तुमच्या १२ लाखावर २४ हजार धरा, नोंदणी फी वेगळी. किंमत सरकारी दरानं जास्त निघाली तर ती धरतात. एक अडचण सांगतो, घर सगळं एकाकडं आणि बाकीच्यांना फक्त पैसे असं दिसलं तर काही निबंधक म्हणतात ही वाटणी नाही, मोबदल्याची हक्कसोड आहे. म्हणून बाबांची एफडी, बँकेतली शिल्लक, बैलगाडी, जे असेल ते सगळं त्याच वाटणीत घ्या आणि मसुदा आधी दाखवून घ्या.

हप्त्यांचं असं की वाटणीत फरकाची रक्कम बाकी असली तर तिचा बोजा घरावर राहतो, सुप्रीम कोर्टानं १९५७ मधेच हे मानलं आहे. पण दस्तात साफ लिहा की रक्कम फिटेपर्यंत घरावर अमुकचा बोजा राहील, मधे विकता-गहाण ठेवता येणार नाही. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याच्या वर नगदी घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे आयकरात, म्हणजे अडकेल तुमची बहीण.

कपाशीवाला:
खूप मोठी मदत झाली काका. काल मामांकडं पुन्हा बसलो. स्लॅबचे दोन लाख मान्य झाले, म्हणजे २२ चे चार, साडेपाच-साडेपाच. भाऊ आता नवीनच म्हणून रायला. म्हणतो आईचा चौथा हिस्सा घरात राहिला आणि आई तुझ्याजवळ, म्हणजे उद्या तिच्याकडून मृत्यूपत्र करून घेशील, मग आम्हाला साडेपाचातच गुंडाळलं. तर आजच तिघांत वाट नाहीतर मी सही करत नाही.

नंदाताई_पुलगाव:
भावाची भीती खोटी नाही हो. आणि आईला कोणी विचारलं का तिच्या हिश्शाचं काय करायचं ते? सगळ्या धाग्यात ती फक्त सोनं द्यायला आली.

जुना_अर्जनवीस:
ताई बरोबर. आईचा हिस्सा आज तिघांत वाटायचा तर तिला सोडून द्यावा लागेल, आणि मग म्हातारपणी तिचं स्वतःचं काही राहत नाही. मी असे दस्त लिहिले आहेत, दोन-तीन ठिकाणी पुढं त्या बाईचे हाल पाहिले. माझ्या मते तिचं नाव घरावर राहू द्या आणि तिनं मृत्यूपत्र करायचं की नाही ते तिच्यावर सोडा. नाही केलं तर तो चौथा भाग तिच्या मागं तिघांतच येणार, भावाचं काही बुडत नाही. केलं तर तो तिचा हक्क.

भावाला एक विचारून बघा. तो ३० म्हणत होता ना, तर ३० च्या भावानं घर तूच घे आणि आम्हाला पैसे दे, चालते का? आणि तुम्हीही स्वतःला विचारा, २० च्या भावात पैसे घेऊन घराबाहेर निघाले असते का.

कपाशीवाला:
विचारलं काका. हसला, म्हणे मले गावात काय करायचं आहे. पण २४ वर आता बोलत नाही तो, फक्त आईच्या हिश्शावर अडून आहे. आईला आज विचारलं तर ती म्हणे आधी कापूस निघू द्या. बहिणीला सोनं नको म्हणते आता, बँकेतच टाक म्हणते, हप्त्यानं चालेल. मसुदा आर्वीला दाखवून आलो की इथं टाकतो. कोणी वाटणीपत्रात बोजाची ओळ लिहून घेतली असेल तर शब्द कसे होते ते सांगा.