मदत हवी आहे: "मग तमिळ आणि मराठी आधी एकच होत्या का?"

माझी सात वर्षांची लेक विचारत होती, आई, जगात सगळे एकच भाषा का नाही बोलत? मी तिला तंजावरचं सांगितलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1675च्या सुमारास तिथे राज्य सुरू केलं आणि मराठी घरं तिकडेच स्थायिक झाली. बोलणं सतत थोडं थोडं बदलतंच. सगळे एकत्र असले की बदल सगळ्यांत पसरतात. पण त्यांचे तिकडे राहिले, आपले इकडे. शिवाय आजूबाजूला तमिळ! म्हणून त्यांची घरातली मराठी ऐकताना आपण अडखळतो. हजारेक वर्षं असंच चाललं की भाषाच वेगळ्या होतात. लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच अशाच झाल्या.

इथवर बाईसाहेबांना पटलं. मग शीर्षकातला प्रश्न आला.

तमिळ द्राविडी भाषाकुळातली आणि मराठी इंडो-युरोपीय, ही वेगळी कुळं आहेत. त्यांचा समान पूर्वज होता की नव्हता, हे सिद्ध करता येत नाही, कारण इतकं मागे गेलं की खुणाच पुसलेल्या असतात. हे सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? "माहीत नाही" एवढ्यावर ती सोडत नाही हो. आणि तंजावरी मराठीतल्या गप्पांचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल, तर तेही हवंय.