विमानाच्या तीन पर्यायांचा तक्ता: जोखीम रुपयांत मांडायची की नाही?

पर्वतीकर: आई-बाबा (68 आणि 71) 20 डिसेंबरला बहिणीकडे फ्रँकफर्टला निघणार, फेब्रुवारीत परत. दोघांचा जाऊन-येऊन खर्च असा: (अ) मुंबईहून थेट, पुणे-मुंबई कॅब धरून 1,32,000. (ब) मुंबई-दोहा-फ्रँकफर्ट, एकच तिकीट, कॅबसह 1,20,000. (क) पुणे-दिल्ली वेगळं तिकीट, दिल्ली-फ्रँकफर्ट वेगळं, मिळून 92,000. शीटमध्ये खर्च, वेळ आणि जोखीम यांना 1 ते 5 गुण दिले आणि 50-30-20 असं वजन लावलं. 'क' पहिला येतो. पण जोखमीचं वजन 20 वरून 30 केलं की 'ब' वर जातो. मग या तक्त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

तिकीटखिडकी: 22 वर्षं तिकिटं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गुण काढून टाका. 'जोखीम 4' म्हणजे नेमकं काय बिघडणार आणि त्याचे किती पैसे लागणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणूनच वजन हलवलं की निकाल हलतो.

आधी 'क'ची रक्कम पूर्ण करा. आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी 23 किलोची बॅग असेल, पण वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर बहुधा 15 किलोच. माणशी 8 किलो जादा, दोघांचं, दोन्ही वेळा. आगाऊ भरलं तरी 14,000 धरा, पुण्यातल्या टॅक्सीचे 2,000. म्हणजे 'क' झाला 1,08,000. 'ब'पेक्षा वाचतात ते 12,000.

आता पुण्याचं विमान दिल्लीला किती वाजता उतरतं आणि पुढचं किती वाजता सुटतं, ते सांगा.

पर्वतीकर: रात्री 11:10 ला उतरतं, पुढचं पहाटे 3:00 ला. 3 तास 50 मिनिटं आहेत, म्हणून निर्धास्त होतो.

तिकीटखिडकी: त्यातली सवड किती उरते बघा. काउंटर उड्डाणाआधी 60 मिनिटं बंद होतो, म्हणजे 2:00 वाजता. बॅगा पट्ट्यावर येईपर्यंत 40 मिनिटं. देशांतर्गत विमान टी-1 ला उतरणार असेल तर टी-3 गाठायला पाऊण तास, कारण बॅगा घेऊन बाहेर पडून रस्त्यानेच जायचं आहे. उरतात 1 तास 25 मिनिटं. डिसेंबरअखेर, रात्रीची वेळ, दिल्लीचं धुकं. पुण्याहून विमान दीड तास उशिरा निघालं की संपलं.

चुकलं तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत. जाण्याचा टप्पा हुकला की त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पाही बहुतेक वेळा रद्द होतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. म्हणजे दोघांची जाऊन-येऊन नवी तिकिटं, तीही आयत्या वेळच्या दराने, वर रात्रीचं हॉटेल. 1,20,000 धरा.

चुकण्याची शक्यता किती, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: किती शक्यतेपर्यंत 'क' परवडतो?

```
=(B3-B4)/G4
```

B3 'ब'चा खर्च, B4 'क'चा, G4 हुकल्यावरचं नुकसान. 12,000 भागिले 1,20,000, म्हणजे 10 टक्के. अशा दहा रात्रींपैकी एकीपेक्षा जास्त वेळा हुकेल असं वाटत असेल तर 'क' महागच. डिसेंबरात दीड तासाच्या सवडीवर मी तरी हा पर्याय घेणार नाही. मे महिन्यात कदाचित घेईन.

रेवा_ठाणे: जोखीम म्हणजे अपघात ना? माझ्या आईलाही तीच धास्ती होती, म्हणून थेट विमान घेतलं. उतरणं-चढणं जितकं कमी तितकं बरं.

पर्वतीकर: नाही ताई, विमान हुकण्याची जोखीम म्हणतोय. पण चढ-उताराचं पटलं, बाबांचा गुडघा दुखतो.

चिंचवडचा_सुहास: एवढा हिशोब कशाला? प्रवास विमा घ्या, त्यात हुकलेलं कनेक्शन धरलेलं असतं. जोखमीच्या रकान्यात शून्य लिहा आणि 'क' घ्या.

तिकीटखिडकी: विमा घ्यावाच, पण शून्य लिहू नका. पहिलं विमान किमान किती तास उशिरा आलं तर पैसे मिळतात आणि जास्तीत जास्त किती, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. तुम्हाला दीड तासाचा उशीरही पुरेसा आहे, आणि पॉलिसीची अट त्याहून मोठी असेल तर हातात काहीच पडणार नाही. मिळणारी रक्कम G4 मधून वजा करा, तेवढंच.

अनघा_प: मला ही रुपयांची पद्धतच मान्य नाही. 71 वर्षांचा माणूस पहाटे 2 वाजता बॅगा ओढत टी-3 मध्ये उभा आहे आणि काउंटर बंद झालाय, याचे 1,20,000 होत नाहीत. ते भरूनही ती रात्र जायचीच आहे. आधी अटी घाला: दोन वेगळी तिकिटं नकोत, घरापासून घरापर्यंत 22 तासांच्या वर नको. जी ओळ अटीत बसत नाही ती खोडा, मग उरलेल्यांत पैसे बघा. मी सासू-सासऱ्यांसाठी असंच केलं आणि निर्णय दहा मिनिटांत झाला.

तिकीटखिडकी: अनघाताई, अटी हव्यातच. पण 'क'ची ओळ सरसकट खोडली की मधला मार्गही जातो. जोखीम दोन्ही दिशांना सारखी नाही. येताना दिल्लीत हुकलं तर फक्त पुण्याची तिकिटं नवी घ्यावी लागतील, फार तर 15,000. मोठं नुकसान जातानाच आहे. मग आदल्या दिवशी दिल्लीत पोचायचं, मुक्कामाचे 5,000 धरायचे. ही 'ड' ओळ, 1,13,000. 'ब'पेक्षा 7,000 स्वस्त, आणि धुकं पडलं तरी अख्खा दिवस हाताशी.

अनघा_प: आणि 7,000 साठी एक दिवस वाढला, अनोळखी हॉटेलात एक रात्र. दोहाला हुकलं तर तिकीट एकच असल्याने पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. तिथे वेळ जातो, घरचे पैसे जात नाहीत. मी 'ब'च म्हणेन.

शीटवाला_नाशिक: पर्वतीकर, वेळेचा रकाना कसा काढलात? थेट विमानाला साडेचार तास दिसत असतील तर चूक आहे. सुटण्याची वेळ भारतातली आणि पोचण्याची जर्मनीतली, म्हणून हिवाळ्यात साडेचार तास मिळवावे लागतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेतीन.

```
=(E2-D2)+TIME(4,30,0)
```

D आणि E मध्ये तारखेसकट वेळ भरा आणि रकान्याचा फॉरमॅट `[h]:mm` ठेवा. चौकटी कंस नसतील तर 26 तासांचा प्रवास 2 तासांचा दिसतो.

पर्वतीकर: अगदी हेच झालं होतं! थेट विमान 4:35 दाखवत होतं, आता 9:05 दाखवतंय. परतीलाही तेच सूत्र ओढलं होतं, तिथे साडेचार वजा करायला हवेत.

घरापासून घरापर्यंत आता थेट 17 तास, दोहामार्गे साडेवीस. 'ड'ची ओळ घातली. आईला दोहा चालेल, दिल्लीत मुक्काम नको. बाबांचे धाकटे भाऊ द्वारकेत राहतात, त्यामुळे त्यांना दिल्लीच हवी आहे, आणि मग हॉटेलचे 5,000 ही जातात.

अनघा_प: काकांकडे मुक्काम असेल तर माझी हॉटेलची हरकत मागे घेते. दोन तिकिटांची नाही.

तिकीटखिडकी: द्वारका विमानतळाला जवळ आहे, चांगलं झालं. फक्त चारही ओळींचे दर एकाच बैठकीत पुन्हा बघा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. आजचा 'ब' आणि परवाचा 'क' शेजारी ठेवून काढलेले 12,000 खरे नसतात.

पर्वतीकर: 'क' परवाचाच आहे. आज रात्री सगळे दर परत भरतो आणि फरक इथेच टाकतो.