मदत हवी आहे: नुसत्या चिकटवलेल्या नोट्सचं आधी काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर कृषी पदविकेच्या एका पोरानं कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या तासाच्या नोट्स टाकल्या आहेत. काय करून हवं, ते एका शब्दानंही लिहिलं नाही. परीक्षा कधी, तेही नाही. नमुना असा:

"डोमकळी – पाकळ्या?? / कामगंध सापळे एकरी ५ / ८ पतंग सलग ३ रात्री → फवारणी / १०% / सापळे हे. ५"

परीक्षा तोंडावर असेल तर सारांश आणि पाठांतराला प्रश्न-उत्तरांची कार्डं बरी. पण इथं सापळ्यांचा आकडा दोनदा, वेगवेगळा आला आहे. निगराणीसाठी हेक्टरी ५ सापळे, म्हणजे एकरी २. कार्डावर "एकरी ५" गेलं की पोरगं तेच घोकणार, कारण कार्डावर आजूबाजूचा संदर्भच राहत नाही. सारांशात तर "१०%" कशाचे तेच गळेल. ते प्रादुर्भावग्रस्त फुलांचे किंवा बोंडांचे आहेत.

म्हणून मला आधी स्वच्छ नोट्सच योग्य वाटतात. क्रम त्याचाच ठेवायचा, तुटकी वाक्यं पुरी करायची (अळी पाकळ्या जाळ्यानं बांधते, फूल उमलत नाही, ती डोमकळी) आणि आपण घातलेली भर वेगळ्या शाईत दाखवायची. मग शेवटी आकड्यांची चार-पाच कार्डं.

शिकवणाऱ्यांनो, तुम्ही असंच करता, की आधी "परीक्षा कधी?" विचारून थांबता? आणि जिथं नोट्समध्येच चूक दिसते, तिथं दुरुस्त करता, की खूण करून त्यालाच तपासायला लावता?