अनुभव धागा : घरातले ग्रंथालय, झोल न येणारी फळी आणि वाचायची खुर्ची

धागाकर्ती, ठाणे
आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेतली १० बाय १२ फुटांची खोली आता पुस्तकांसाठी मोकळी झाली असून, वडिलांची आणि माझी मिळून सुमारे २,००० पुस्तके तिथे लावायची आहेत. सुताराने १८ मिमी प्लायमध्ये साडेतीन फूट रुंदीचे कप्पे सुचवले आहेत. ज्यांनी घरी मोठा संग्रह लावला आहे, त्यांनी फळ्यांचे आणि निवांत वाचायच्या खुर्चीचे अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

पुणे
मरीन प्लाय घ्यावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. माझे कप्पे साडेतीन फुटांचेच आहेत, मधे आधार नाही, आणि इतक्या वर्षांत एकही फळी वाकलेली नाही. अर्थात माझ्याकडे बहुतांश कवितासंग्रह आणि दिवाळी अंक आहेत.

निवृत्त स्थापत्य अभियंता, कोल्हापूर
पुण्याच्या सदस्यांनी शेवटच्या वाक्यात स्वतःच उत्तर दिले आहे. मरीन प्लाय पाण्याला टिकतो. फळीचा ताठपणा मात्र मुख्यतः तिच्या जाडीवर आणि दोन आधारांमधल्या अंतरावर ठरतो. सर्वसाधारण पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण ३० किलो भार येतो, तर कोश आणि चित्रांचे जाड ग्रंथ असले तर तो त्याहून बराच वाढतो. फळी पूर्ण भरलेली असताना झोल अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे साडेतीन फुटांऐवजी अडीच फुटांचा कप्पा केला, तर तोच प्लाय जवळपास एक चतुर्थांशच वाकेल. शिवाय लाकडाचा झोल पहिल्या दिवशी दिसतो तेवढ्यावर थांबत नाही, भार कायम राहिला की तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. फळीखाली दोन टोकांना घट्ट ताणलेला दोरा धरला आणि मधल्या भागात फळी दोऱ्याला खाली रेटू लागली, की पोट सुटले आहे असे समजावे.

माझ्या घरी अडीच फुटांचे कप्पे आहेत. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी बसवली आहे आणि मागचा प्लाय प्रत्येक फळीला स्क्रूने पकडला आहे. प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने जात आहेत ना, हे कापणीपूर्वीच पाहावे, कारण तुकडे वाचवण्यासाठी सुतार आडवे कापतात.

आता आपला हिशेब. पुस्तकामागे सरासरी २ सेंमी धरले तर २,००० पुस्तकांना ४० मीटर फळी लागते, म्हणजे १,२०० किलो, आणि कपाटांचे वजन वेगळे. बारा फुटी दोन भिंतींवर सहा-सहा फळ्या घेतल्या तर सुमारे ४४ मीटर मिळतात. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी योजतात, ग्रंथालयाच्या साठवण खोलीसाठी हाच आकडा तिप्पट असतो. म्हणून कपाटे तुळईवर उभ्या असलेल्या भिंतींलगतच ठेवावीत, खोलीच्या मध्यभागी रांग लावू नये. इमारत जुनी असेल, तर नकाशा संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय सुताराला आगाऊ रक्कम देऊ नये.

रत्नागिरी
आमच्याकडे वजनापेक्षा ओल त्रास देते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवले, तर पावसाळ्यात मागच्या प्लायवर बुरशी धरते आणि मग बांधणीच्या खळीला कसर लागते. दोन इंच फट ठेवून खाली-वर हवा खेळती ठेवल्यावर फरक पडला. काचेची दारे आम्ही काढून टाकली.

नागपूर
काचेची दारे काढणे आमच्याकडे परवडणार नाही. उन्हाळ्यात उघड्या फळीवर धुळीचा असा थर बसतो की पुस्तक काढताच हात मळतात.

अभियंता, कोल्हापूर
कोकणाला आणि विदर्भाला एकच नियम लावता येणार नाही. ठाण्यासाठी माझा कल उघड्या फळ्यांकडे आहे, पण मी स्वतः तिथे राहिलेलो नाही.

नाशिक
खुर्चीबाबत म्हणाल तर चाकांची, जाळीच्या पाठीची घ्यावी. मी दिवसभर लॅपटॉपवर तीच वापरतो आणि कंबरेला आराम आहे.

निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर
ती कामाची खुर्ची झाली, धागाकर्तीला वाचायची हवी आहे. वाचताना हात अधांतरी राहिले की खांदे आधी दुखतात. म्हणून बैठकीपासून आठ-नऊ इंच उंचीवर रुंद, सपाट हात असावेत. पाय जमिनीला टेकतील अशी, बहुतेकांना १६-१७ इंच उंचीची बैठक पुरते. माझ्यासारख्या ठेंगण्या माणसाला मात्र पायाखाली पाट लागतो. जुन्या कापडी आरामखुर्चीत शरीर मागे कलते आणि पुस्तक हवेत धरावे लागते, म्हणून तिच्यात वाचन कमी आणि डुलकी जास्त होते. दिवा खांद्याच्या मागून यावा. दोन्ही भिंतींना कपाटे आल्यावर मधे आठ फूट उरतील, त्यांत खुर्ची खिडकीपाशी सहज मावेल. फक्त उन्हाची तिरीप कपाटांवर पडत नाही ना, हे सुताराने माप घेण्याआधी दुपारी एकदा पाहावे.

धागाकर्ती, ठाणे
सुताराला अडीच फुटांचे कप्पे सांगितले आहेत. उभे आधार वाढल्यामुळे त्याने दरही वाढवला आहे. तुळया कुठे आहेत ते सोसायटीच्या नकाशावरून कळले, तर पुढे लिहीन.