सब्जाँक्तिफ: वाक्प्रयोग घोकावेत की अर्थ धरावा?

निनाद: देल्फ बी-1 या फ्रेंचच्या परीक्षेसाठी सब्जाँक्तिफचे, म्हणजे आपल्या विध्यर्थासारख्या क्रियापदरूपाचे, नियम वाचत बसू नका. ‘असे व्हायला हवे’साठी इल फो क, ‘असे व्हावे अशी इच्छा असणे’साठी व्हुलुआर क, ‘जरी’साठी बियँ क, ‘असे व्हावे म्हणून’साठी पूर क असे वीसेक वाक्प्रयोग पाठ करा. भावना किंवा इच्छा आणि पुढे आपल्या ‘की’सारखा ‘क’ दिसला की सब्जाँक्तिफ लावा.

मेधा: याच सल्ल्यावर विसंबून मी सराव परीक्षेतील पत्रात ‘जेस्पेर क त्यु व्हिएन’ असे लिहिले आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. तिथे साधा भविष्यकाळ, ‘त्यु व्हिएंद्रा’, हवा होता. मराठीत आपण ‘तू येशील अशी आशा आहे’ म्हणतो, पण इच्छा सांगताना ‘तू यावेस’ म्हणतो. फ्रेंचही हाच भेद पाळते. मराठी माणसाच्या तोंडी विध्यर्थ रोजचा असताना यादी कशाला घोकायची?

प्रभाकर: मेधाताई, आशेच्या बाबतीत आपले म्हणणे अचूक आहे, पण मराठीचा हा आधार पुढे दगा देतो. ‘तो आला याचा मला आनंद आहे’ या वाक्यात विध्यर्थाचा मागमूस नाही, कारण तो खरोखरच आलेला आहे. तरीही फ्रेंचमध्ये ‘ज्य स्वि काँताँ किल स्वा व्हन्यू’ असेच म्हणावे लागते. घटना घडली की नाही हे तिथे गौण ठरते. वाक्य बातमी देत नाही, त्या बातमीवरची भावना सांगते. बियँ कचेही तसेच. ‘तो आजारी आहे, तरी कामावर गेला’ म्हणताना आपल्याला शंका नसते, फ्रेंच मात्र ‘बियँ किल स्वा मालाद’ म्हणते. अशा ठिकाणी वाक्प्रयोग पाठच हवा.

निनाद: म्हणजे मी बरोबरच होतो! देल्फमध्ये व्याकरणाचा वेगळा विभाग नाही. लेखनात 160 शब्द लिहायचे असतात आणि कोणते वाक्य वापरायचे हे आपणच ठरवतो. मी चार वाक्प्रयोग वापरून उत्तीर्ण झालो. इथे मराठी व्याकरणाचा तास कोणी मागितला होता?

मेधा: तुम्ही उत्तीर्ण झालात म्हणून चुकीचा सल्ला बरोबर ठरत नाही. ‘मला निघायचे आहे’ हे तुमच्या यादीवरून कोणी ‘ज्य व्हो क ज्य पार्त’ असे लिहील. दोन्हीकडे कर्ता एकच असल्याने तिथे ‘क’ येतच नाही. सरळ ‘ज्य व्हो पार्तीर’ म्हणायचे.

शर्वरी: माझा अनुभव निराळा आहे. ‘नंतर’ या अर्थाच्या आप्रे कपुढे मी इंदिकातिफ, म्हणजे साधे निश्चयार्थी रूप, वापरले, ते शिकवणीतल्या सरांनी खोडला. ‘आधी’ या अर्थाच्या आव्हाँ कला सब्जाँक्तिफ लागतो, तोच इथेही का लागावा, हे मला अजून कळलेले नाही.

प्रभाकर: आपण लिहिले ते बरोबर होते. आव्हाँ कच्या पुढची गोष्ट त्या क्षणी घडायची असते, आप्रे कच्या पुढची घडून गेलेली असते. मात्र अनेक फ्रेंच लोक बोलताना आप्रे कलाही सब्जाँक्तिफ लावतात, त्यामुळे सरांच्या कानावर तेच पडले असावे.

निनाद: आशा दाखवणारे एस्पेरे आणि एकाच कर्त्याची वाक्ये हे दोन अपवाद मी यादीखाली लिहीन. यादी मात्र राहीलच.

मेधा: त्यांना अपवाद म्हणू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘मला वाटते की’ म्हणजे ‘ज्य पाँस क’ला इंदिकातिफ आणि ‘मला वाटत नाही की’ म्हणजे ‘ज्य न पाँस पा क’ला सब्जाँक्तिफ लागतो, हे त्या यादीत कुठे बसवणार?