ए-डी लाइनला थोतांड म्हणणाऱ्यांसाठी

बाजारवेडा: ब्रेड्थ-बिड्थ, म्हणजे किती शेअर वर आणि किती खाली हे मोजत बसणं, सगळं थोतांड आहे. २०१८ पासून ए-डी लाइनवाले ओरडत होते पडणार पडणार, आणि निफ्टी जानेवारी २०२० पर्यंत नवे हाय मारत राहिला. दोन वर्षं आधी वाजणारी घंटा काय कामाची?

ठाणेकर: राहवलं नाही म्हणून लिहितोय. २९ जानेवारी २०१८ ला निफ्टी ११,१०० च्या वर बंद झाला, मग पडला, आणि २८ ऑगस्टला ११,७०० पार. टीव्हीवर नुसता जल्लोष. पण मिडकॅप इंडेक्स तेव्हाही जानेवारीच्या शिखराखालीच होता. रिलायन्स, टीसीएस, एचडीएफसी बँक अशी मोजकी मोठी नावं निफ्टीला ओढत होती. ए-डी लाइन म्हणजे रोज वर गेलेल्या शेअरमधून खाली गेलेले वजा करायचे आणि तो आकडा आधीच्या बेरजेत मिळवत जायचा. समजा एनएसईच्या ५०० पैकी १८० शेअर वर, ३१० खाली, १० जागच्या जागी. लाइन त्या दिवशी १३० ने खाली येणार, मग निफ्टी हिरवा का असेना. असे वीस दिवस गेले की २,६०० ने खाली, आणि रोज बघणाऱ्याला काही घडलंय असंच वाटत नाही. निफ्टी कधी पडणार हे ती सांगतच नाही हो. डोळे मिटून उचललेला शेअर तुम्हाला साथ देईल का, एवढंच सांगते. ऑगस्ट २०१९ पर्यंत स्मॉलकॅप इंडेक्स शिखरापासून ४० टक्क्यांच्या आसपास खाली होता. घंटा निफ्टीवाल्यासाठी नव्हतीच, ज्यांच्याकडे स्मॉलकॅप होते त्यांच्यासाठी होती.

नाशिकचा_गुंतवणूकदार: बरोबर, पण एनएसईच्या ५०० वर का थांबायचं, बीएसईचे सगळे घ्या ना, जितके जास्त तितकं चित्र खरं.

ठाणेकर: उलट होतं. त्यात रोज सर्किटला अडकणारे, दिवसाला दोनशे शेअरचा व्यवहार होणारे ढिगाने असतात, आणि त्या प्रत्येकाला लार्सनइतकंच एक मत. एखादा ऑपरेटर महिनाभर शंभर पेनी शेअर चढवत बसला तर लाइन वर जाईल, बाजार नाही.

कोल्हापूरची_मी: माझा अनुभव सांगते. २०० डीएमए, म्हणजे गेल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर किती शेअर आहेत याची एक्सेल शीट मी स्वतः बनवली होती. एका शेअरला एकास एक बोनस आला, भाव २,००० चा १,००० झाला, सरासरी १,९०० लाच, आणि पुढचे कित्येक महिने शीट म्हणतेय हा खाली आहे. असे आठ-दहा निघाले. मी त्या आकड्यावर चांगले शेअर विकून बसले, अजून जीव जळतो. भाव आधी अॅडजस्ट करून घ्या, मग सरासरी काढा.

ठाणेकर: ताई, अगदी हेच. आणि मागच्या वर्षांचं काढताना आजची यादी वापरू नका. जे बुडून यादीबाहेर गेले ते त्यात नसतात, त्यामुळे २०१८ आहे त्यापेक्षा गोंडस दिसतं.

पुणे_करदाता: मूळ मुद्दा सोडून काय चाललंय? मिडकॅप मेले ते १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमुळे. एक लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर लावला तेव्हा. माझ्या कष्टाच्या पैशावर!

नाशिकचा_गुंतवणूकदार: कर लार्जकॅपलाही होता ना भाऊ. मग ते का नाही मेले? सेबीचं ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक वाचा. पहिले १०० लार्ज, पुढचे १५० मिड, आणि लार्जकॅप फंडात ८० टक्के लार्जच हवेत. फंडांना मिड विकावेच लागले.

पुणे_करदाता: मिडकॅप फंडांना मग ६५ टक्के मिड घ्यावेही लागले, ते विसरलात? अर्धंच सांगता. आणि ३१ जानेवारीपर्यंतचा नफा माफ होता हे मला शिकवू नका, माझे शेअर फेब्रुवारीनंतरच्या भावाचे आहेत.

कोल्हापूरची_मी: आमच्या इथल्या एजंटाने जानेवारी २०१८ मध्येच स्मॉलकॅप फंड गळ्यात मारला वडिलांच्या. एकरकमी, रिटायरमेंटचे पैसे. कारण कर असो की सेबी, त्यांना काय फरक पडला?

ठाणेकर: कारण लाइन सांगत नाही, त्यावर तुम्ही दोघं हवं तेवढं भांडा. माझ्या मते दोन्ही होतं, सप्टेंबरमध्ये आयएलअँडएफएस ही वित्त कंपनी बुडाल्यावर तर आणखी.

बाजारवेडा: ठीक, स्मॉलकॅपवाल्याला उपयोग झाला असता, एवढं मानतो. पण मी निफ्टी फ्युचर करतो. ऑगस्ट २०१८ ला पडेल म्हणून शॉर्ट गेलो असतो तर?

ठाणेकर: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कमावलं असतं, आणि धरून ठेवलं असतं तर २०१९ मध्ये सगळं परत दिलं असतं. टॉपला ब्रेड्थ खूप आधी बोलते. तळाला जास्त कामाची, मार्च २०२० मध्ये २०० डीएमएच्या वर जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं.

बाजारवेडा: तेव्हा घ्यायची हिंमत किती जणांना झाली?

कोल्हापूरची_मी: वडिलांनी त्याच आठवड्यात फंड विकला.